भन्तेजींना वर्गात बोलवायचंय? निमंत्रणपत्र, तयारी आणि मुलांचे प्रश्न

सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांचा पाठ आला की मुलं पंचशील आणि अष्टांगिक मार्ग पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सोडून देतात. भिक्खू संघ ही अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट आहे, अशीच त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत शाळेपासून जवळच विहार असतो आणि तिथे राहणारे भन्तेजी ते नियम आजही पाळत असतात. त्यांना एक तास वर्गात बोलावलं तर पाठ वेगळाच उमगतो. मात्र हे बोलावणं नीट जमावं लागतं.

बहुतेक वेळा गडबड पत्रातच होते. शाळेच्या फाइलमध्ये प्रमुख पाहुण्यांसाठी एक ठरावीक मसुदा असतो: ‘आपण आमच्या शाळेस सदिच्छा भेट देऊन विद्यार्थ्यांना अमूल्य मार्गदर्शन करावे.’ यातून भन्तेजींना काहीच कळत नाही. ते धम्मदेसनेच्या म्हणजे प्रवचनाच्या तयारीने येतात, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील देतात आणि पाऊण तास बोलतात. शाळेला हवा होता इतिहासाचा तास. मग मुख्याध्यापक घड्याळ पाहतात, दोन पालकांचे फोन येतात आणि भन्तेजींना आपलं काय चुकलं तेच समजत नाही. चूक त्यांची नसतेच. काय हवं आहे आणि काय नको आहे, हे पत्रात लिहिलेलं नसतं.

आधी कोणाला बोलावताय ते पाहा

चीवर घातलेली प्रत्येक व्यक्ती भिक्खू असतेच असं नाही. श्रामणेर ही भिक्खू होण्याआधीची पायरी, ते दहा शीलं पाळतात. वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर उपसंपदा म्हणजे संघाची पूर्ण दीक्षा घेता येते, मग ते भिक्खू होतात आणि पातिमोक्ख या नियमसंहितेतले 227 नियम त्यांना लागू होतात. महाराष्ट्रात श्रामणेर शिबिरं भरतात. तिथे थोड्या दिवसांसाठी दीक्षा घेऊन माणसं पुन्हा घरी परततात. धम्मचारी हा आणखी वेगळा प्रकार. ते त्रिरत्न बौद्ध महासंघाचे सदस्य असतात आणि त्यांच्यातले बरेच जण संसारी असतात. यांतले कोणीही वर्गात छान बोलू शकतील, पण ‘भिक्खूंचा दिवस कसा जातो’ हा तुमचा विषय असेल तर काही वर्षं संघात राहिलेले भिक्खू किंवा भिक्खुनी बोलवा. नावापुढे ‘थेरो’ असेल तर उपसंपदेनंतर किमान दहा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले मुक्काम, झालेले असतात, ‘महाथेरो’ असेल तर वीस. पत्रावर ही उपाधी चुकवू नका. बोलताना ‘भन्ते’ किंवा ‘भन्तेजी’ म्हणावं. भिक्खुनींना आपल्याकडे ‘आर्याजी’ म्हणतात.

संपर्क विहार समितीमार्फत करावा. समितीचे अध्यक्ष किंवा एखादे उपासक भन्तेजींचे कार्यक्रम सांभाळत असतात, आणि त्यांना वगळून थेट भन्तेजींना फोन केला तर ते त्यांना खटकतं.

शाळेच्या बाजूचं काम

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे चालतं का?’ राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना होत असेल, तर अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय तिथे बसवता येत नाही. पण एखाद्या धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्मांविषयी अभ्यास करणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला आहे. तुमचा तास दुसऱ्या प्रकारात राहिला पाहिजे, म्हणजेच पाठाशी जोडलेला, प्रश्नोत्तरांचा आणि वंदना किंवा पूजाविधी नसलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर याबाबत काटेकोर राहावंच लागतं.

पालकांना आठवडाभर आधी छोटी चिठ्ठी द्या. मजकूर एवढाच पुरे:

‘इतिहासाच्या पाठाच्या अनुषंगाने मंगळवार, दि. 19 जानेवारी रोजी एक बौद्ध भिक्खू वर्गाशी संवाद साधणार आहेत. भिक्खूंचे दैनंदिन जीवन व मुलांचे प्रश्न एवढाच विषय असून कोणताही धार्मिक विधी होणार नाही. आपला पाल्य या तासाला बसू नये असे वाटत असल्यास दि. 15 पर्यंत कळवावे. त्या वेळेत त्याची ग्रंथालयात व्यवस्था केली जाईल.’

ही चिठ्ठी टाळायचा मोह होतो, कारण ‘उगाच कशाला चर्चा’. माझा अनुभव उलटा आहे. आधी कळवलं की चर्चा होत नाही. मुलाने घरी जाऊन सांगितल्यावर कळलं तर नक्की होते.

तारीख आणि वेळ

आषाढ पौर्णिमेनंतर वर्षावास सुरू होतो तो आश्विन पौर्णिमेपर्यंत. हे तीन महिने भिक्खू एकाच विहारात मुक्काम करतात. दिवसा गावातल्या शाळेत येऊन परत जायला त्यात अडचण नसते, पण दूरच्या गावच्या भन्तेजींना या काळात बोलावू नये. वर्षावासात बऱ्याच विहारांत रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं, त्यामुळे सकाळची वेळ तुलनेने मोकळी असते. वर्षावास संपला की कार्तिक पौर्णिमेपर्यंत ठिकठिकाणी कठीण चीवरदानाचे कार्यक्रम असतात. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला उपोसथ म्हणजे व्रताचा दिवस असतो. शिवाय 14 ऑक्टोबर, 6 डिसेंबर, 14 एप्रिल, विजयादशमी आणि वैशाख पौर्णिमा यांच्या आसपासचे दिवस सोडाच. सहसा नोव्हेंबरअखेर किंवा जानेवारी सोयीचा पडतो.

वेळेबाबतीत एक गोष्ट पक्की धरा: भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत. काही जण घड्याळाचे बारा धरतात, काही सूर्य माथ्यावर येण्याची वेळ. तुम्ही बाराच धरा. दुपारच्या सत्रात दोन वाजता कार्यक्रम ठेवून नंतर ‘थोडं जेवून जा’ असा आग्रह करण्यात अर्थ नाही. सकाळचं सत्र असेल तर तास दहाच्या सुमाराला ठेवा, अकराला भोजन, म्हणजे पावणेबाराच्या आत सगळं निवांत उरकतं. कार्यक्रम दुपारीच ठेवावा लागला तर भोजनाचा विषय काढू नका. पाणी किंवा गाळलेला फळांचा रस ठेवा. बिनदुधाचा चहा चालेल का, ते आधी विचारून घ्या.

पत्र देण्याआधी एक भेट

पत्र पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवण्यापेक्षा विहारात जाऊन हातात द्यावं. वर्गशिक्षिका एकट्या जाणार असतील तर त्यांनी एखाद्या पुरुष सहकाऱ्याला सोबत न्यावं. भिक्खूंनी स्त्रीबरोबर एकान्तात बसू नये, आणि समजदार पुरुष उपस्थित नसताना स्त्रीला पाच-सहा वाक्यांपलीकडे धम्म सांगू नये, असे विनयाचे, म्हणजे संघाच्या शिस्तीचे, नियम आहेत. तुम्ही एकट्या गेलात तर भन्तेजी कुणा उपासकाची वाट पाहत तुम्हाला ताटकळत ठेवतील आणि तुम्हाला तो तुसडेपणा वाटेल. याच कारणाने तासाच्या वेळी वर्गात एक पुरुष शिक्षक असू द्या.

या भेटीत चार गोष्टी विचारून घ्या. आहारात काही वर्ज्य आहे का? सोबत कोण येणार? मुलांनी फोटो काढले तर चालेल का? आणि भिक्षापात्र आणता येईल का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण अकरा-बारा वर्षांच्या मुलांना समोर ठेवलेली वस्तू शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

पत्राचा नमुना

खालचं पत्र 44 मुलांच्या सहावीच्या एका वर्गासाठी लिहिलं आहे. कंसातल्या जागा भरा, वेळा आपल्या शाळेप्रमाणे बदला.

दिनांक : 21 डिसेंबर

प्रति,
पूज्य भदंत (पूर्ण नाव) थेरो,
(विहाराचे नाव व पत्ता)

मार्फत : मा. अध्यक्ष, विहार समिती

विषय : इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांशी संवाद साधण्याबाबत विनंती

पूज्य भन्ते,
सविनय वंदन.

आमच्या शाळेतील इयत्ता सहावीचे विद्यार्थी इतिहास विषयात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांचा अभ्यास करीत आहेत. भिक्खू संघाविषयी त्यांनी पुस्तकात वाचले आहे. परंतु भिक्खूंचे आजचे जीवन कसे असते, हे त्यांना ठाऊक नाही. ते आपल्याकडूनच ऐकावे, अशी आमची इच्छा आहे.

मंगळवार, दि. 19 जानेवारी रोजी सकाळी 9.45 ते 10.45 या वेळेत आपण शाळेत यावे, ही नम्र विनंती. पहिली वीस मिनिटे आपण भिक्खूंची दिनचर्या, चीवर व भिक्षापात्र यांविषयी सांगावे आणि उरलेल्या वेळेत विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असे योजले आहे. शक्य असल्यास भिक्षापात्र सोबत आणावे.

वर्गात 44 विद्यार्थी असून ते 11-12 वर्षांचे आहेत. त्यांची कुटुंबे निरनिराळ्या धर्मांची आहेत. हा तास इतिहासाच्या अभ्यासाचा भाग असल्याने त्यात सामुदायिक वंदना, त्रिशरण-पंचशील ग्रहण किंवा अन्य विधी ठेवलेला नाही. मात्र पंचशीलाचा अर्थ आपण समजावून सांगितल्यास विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला त्याचा उपयोग होईल.

आपल्याला आणण्यासाठी व परत पोहोचवण्यासाठी आमचे दोन शिक्षक वाहन घेऊन सकाळी 9.15 वाजता विहारात येतील. आपल्यासोबत कोणी येणार असल्यास कृपया कळवावे. तासानंतर 11.00 वाजता शिक्षकांच्या वतीने भोजनदानाचा स्वीकार करावा, ही विनंती.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे. ज्या प्रश्नांची उत्तरे देणे आपल्याला उचित वाटत नाही, त्यांवर खूण करावी. ते प्रश्न विचारले जाणार नाहीत.

ही तारीख सोयीची नसल्यास बुधवार, दि. 20 जानेवारी किंवा मंगळवार, दि. 2 फेब्रुवारी यांपैकी कोणताही दिवस चालेल. यादी परत घेण्यासाठी व आपला निर्णय जाणून घेण्यासाठी आम्ही आठ दिवसांनी विहारात येऊ.

आपले नम्र,
(वर्गशिक्षिका) (मुख्याध्यापक)

सोबत : प्रश्नांची यादी

‘विधी ठेवलेला नाही’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. पाहुण्यांना आपण असं कसं सांगायचं, असं वाटतं. पण त्याची जागा पत्रातच आहे. भन्तेजी व्यासपीठावर बसल्यावर त्यांच्या कानात जाऊन हे सांगणं जास्त अपमानकारक. लगेच पुढच्या वाक्यात पंचशीलाचा अर्थ सांगायची विनंती आहे, तीही मुद्दाम. काय नको हे सांगितल्यावर त्याच्या शेजारी काय हवं तेही यायला पाहिजे, म्हणजे भन्तेजींना तयारी कशाची करायची ते कळतं.

पत्रात मानधनाचा उल्लेख नाही, आणि तो नसावा. पैसे न स्वीकारण्याचा नियम काटेकोर पाळणाऱ्या भिक्खूंच्या हातात पाकीट ठेवलं की त्यांची पंचाईत होते, आणि ते नाकारलं की तुमची. प्रवासाची सोय वाहनाने झाली, तेवढं पुरे. शिक्षकांना वैयक्तिक दान द्यायचं असेल तर विहार समितीकडे देऊन पावती घ्यावी. शाळेच्या निधीतून दान देऊ नये आणि मुलांकडून वर्गणी तर मुळीच गोळा करू नये.

पाली ग्रंथांत बुद्ध निमंत्रण स्वीकारतात ते मौन राहून. आजही काही ज्येष्ठ भन्ते नुसतं स्मित करतात आणि विषय बदलतात. ते होकाराचं आहे की ‘बघू’ असं आहे, हे समितीच्या माणसाला विचारून घ्या आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा फोन करा.

प्रश्न: गोळा करणं, चाळणं

मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायला लावू नका. 44 मुलांच्या चिठ्ठ्यांत निम्मे प्रश्न सारखेच निघतात (केस का काढता, मोबाइल वापरता का, कंटाळा येत नाही का). त्यांना हसू नका. मोबाइलचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे, कारण काहीही जवळ न बाळगणारा माणूस आजच्या जगात वस्तूंचं काय करतो, हेच त्यात विचारलेलं आहे. यादीत दहा-बारा प्रश्न ठेवा. चाळीस मिनिटांत तेवढेच होतात. माझी यादी साधारण अशी असेल:

1. तुम्ही पहाटे किती वाजता उठता आणि झोपेपर्यंत काय काय करता?
2. तुमच्या मालकीच्या वस्तू कोणत्या? आम्हाला दाखवाल का?
3. चीवर कसं नेसतात? त्याचे भाग किती?
4. दुपारनंतर जेवत नाही, तर संध्याकाळी भूक लागत नाही का?
5. भिक्खू होण्यासाठी आई-वडिलांची परवानगी लागते का? तुम्ही घरी जाता का?
6. पंचशीलातलं कोणतं शील पाळणं लहान मुलांना सर्वांत अवघड जात असेल?
7. तुम्हाला राग येतो का? आला तर काय करता?
8. पाली भाषा कशी ऐकू येते? एक ओळ म्हणून तिचा अर्थ सांगाल का?
9. पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याचा नियम कशामुळे झाला?
10. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला डॉ. आंबेडकरांना दीक्षा कोणी दिली? ते भन्ते कुठून आले होते?
11. मोबाइल वापरता का? कशासाठी?

दुसऱ्या प्रश्नावर भरपूर वेळ जाऊ द्या. भिक्खूंच्या परंपरागत आठ वस्तू म्हणजे तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं साधन. मुलांनी हे ऐकायच्या आदल्या दिवशी आपापल्या दप्तरातल्या वस्तूंची यादी वहीत केलेली असेल, तर पुढची चर्चा आपोआप होते. तिसरा प्रश्न याच्याशी जोडूनच येतो. अंतरवासक, उत्तरासंग आणि संघाटी ही तीन चीवरांची नावं मुलं चित्राशेजारी लिहून घेतात.

पाचवा प्रश्न मुलांना नेहमी भिडतो, आणि त्यामागे गोष्टही आहे. राहुलला लहानपणीच प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदनांना फार दुःख झालं. त्यांनी बुद्धांना विनंती केली की आई-वडिलांच्या परवानगीवाचून कुणा मुलाला संघात घेऊ नये. तो नियम झाला आणि आजही आहे. भन्तेजी ही गोष्ट सांगतीलच. न सांगितल्यास तुम्ही आठवण करून द्या.

नवव्या प्रश्नाचं उत्तर सहावीच्या मुलांना सहज पटतं: पावसात भिक्खू फिरत राहिले तर कोवळं गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. दहाव्याचं उत्तर शिक्षकालाही माहीत असू द्या. दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले होते आणि कुशीनगरला राहत होते.

आता कोणते प्रश्न बाजूला काढायचे, आणि का. ‘तुम्हाला निर्वाण मिळालं का?’ किंवा ‘ध्यानात तुम्हाला काय दिसतं?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि तो मुलाला निरागस वाटतो. पण आध्यात्मिक प्राप्तीचा खोटा दावा करणं हा विनयातल्या चार सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक आहे, त्याने भिक्खुपदच जातं. ती प्राप्ती खरी असली तरी उपसंपदा न झालेल्या माणसाला ती सांगणं हासुद्धा दोष. म्हणजे ‘हो’ म्हणायची सोय नाही आणि ‘नाही’ म्हटलं की मुलांना वाटतं, मग एवढं सगळं कशासाठी? हा प्रश्न बदलून विचारता येतो: ‘ध्यानाला बसल्यावर सुरुवातीला कोणत्या अडचणी येतात?’

‘कोणता धर्म चांगला?’ आणि ‘देव आहे का?’ हे प्रश्न वर्गाला दोन तटांत वाटतात. पहिला सरळ काढून टाका. दुसऱ्याऐवजी ‘बुद्धांनी दुःखाचं कारण काय सांगितलं?’ असं विचारा, म्हणजे ते पाठातही बसतं. आरक्षण, जात आणि ‘हिंदू धर्म का सोडला’ हे प्रश्न चिठ्ठीत येतात, कारण ते घरी बोलले जातात. ते दडपू नका. त्यांचं उत्तर देणं हे पाहुण्यांचं नाही, तुमचं काम आहे, आणि ते दुसऱ्या दिवशीच्या तासाला करा. धर्मांतराच्या इतिहासावरचा दहावा प्रश्न त्यासाठी चांगली सुरुवात होतो.

‘तुम्ही लग्न का केलं नाही?’ हा प्रश्न मी ठेवते, मात्र ‘भिक्खू लग्न का करत नाहीत?’ अशा रूपात. व्यक्तीवरून नियमावर आणलं की उत्तर सोपं होतं.

त्या दिवशी

आपल्या शाळांत पाहुण्यांच्या स्वागताचं ठरलेलं असतं: औक्षण, हार, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, सरस्वतीपूजन. यातलं जवळजवळ काहीच इथे करायचं नाही. फुलांच्या माळा, अत्तर, नाच-गाणं यांपासून दूर राहणं हे श्रामणेरांच्या दहा शिलांतच येतं, त्यामुळे हार गळ्यात घालू नका आणि लेझीमचं पथक उभं करू नका. प्रतिमापूजनाचं म्हणाल तर 1956 साली डॉ. आंबेडकरांनी घेतलेल्या आणि उपस्थितांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांत हिंदू देवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि महाराष्ट्रातले बौद्ध त्या मनापासून मानतात. भन्तेजींना सरस्वतीच्या तसबिरीसमोर दीप लावायला बोलावून कोंडीत पकडू नका. हात जोडून नमस्कार करणं पुरेसं आहे. हस्तांदोलन टाळा, विशेषतः शिक्षिकांनी आणि मुलींनी.

बैठकीचं आधी ठरवा. पातिमोक्खातल्या 75 सेखिय नियमांपैकी काही नियम धम्म कोणाला कोणत्या स्थितीत सांगू नये याचे आहेत. ऐकणाऱ्याच्या पायात पादत्राणं असतील, तो भिक्खूंपेक्षा उंच आसनावर असेल, किंवा तो बसलेला आणि भिक्खू उभे असतील, तर धम्म सांगू नये. (आजारी माणसाला सवलत आहे.) वर्गाचा नेहमीचा थाट याच्या नेमका उलटा असतो: मुलं बूट घालून बाकांवर आणि पाहुणे माइकसमोर उभे. तेव्हा वर्गाऐवजी सभागृह किंवा व्हरांडा घ्या, मुलांना सतरंजीवर बसवा, चपला-बूट बाहेर ठेवा, आणि भन्तेजींसाठी स्वच्छ पांढरं कापड टाकलेली खुर्ची आणि समोर छोटं टेबल मांडा. माइक लागलाच तर खुर्चीजवळ. डोकं झाकण्याबद्दलही असाच नियम आहे. पण एखाद्या मुलाची पगडी किंवा मुलीचा हिजाब काढायला सांगू नका. पहिल्या भेटीतच भन्तेजींच्या कानावर घाला, ते समजून घेतात.

प्रश्न विचारणाऱ्या मुलांची नावं आणि क्रम फळ्यावर लिहून ठेवा. उत्तर लांबलं तर ‘भन्ते, पुढचा प्रश्न घेऊ का?’ असं एकदा म्हणायला हरकत नाही. पत्रात वेळा लिहिल्या आहेत, त्यामुळे ते बोचत नाही. आयत्या वेळी हात वर करून नवीन प्रश्न घ्यायचे असतील तर शेवटची पाचच मिनिटं ठेवा.

भोजनाचं ताट टेबलावर नुसतं मांडून ‘घ्या’ म्हणू नका. भिक्खू दिलेलंच अन्न घेतात, म्हणून ते दोन्ही हातांनी त्यांना अर्पण करायचं. हे कसं करायचं ते सोबतचे उपासक दाखवतात.

पाहुणे दुसऱ्या परंपरेतले असतील तर

पत्राची चौकट तीच राहते, तपशील बदलतात. बहुतेक जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत आणि आपल्यासाठी मुद्दाम शिजवलेलं अन्न घेत नाहीत, त्यामुळे वाहन आणि भोजनाचे परिच्छेद पूर्ण काढावे लागतात. बऱ्याचदा मुलांनाच त्यांच्या उपाश्रयात किंवा जैन स्थानकात घेऊन जाणं योग्य ठरतं. चातुर्मासात ते एका जागी असतात, म्हणून गाठ पडण्याची तीच चांगली वेळ. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमधल्या फादरना बोलवायचं असेल तर रविवार, नाताळचा आणि ईस्टरपूर्वीचा आठवडा सोडा. मानधन, हार, चहा यांची अडचण तिथे नसते. पण प्रार्थनेने सुरुवात करायची नाही, हे वाक्य त्यांच्या पत्रातही जसंच्या तसं ठेवा. एकाच वर्षात यांतल्या दोघांना बोलावलंत तर ‘हेच का’ असं कोणी विचारत नाही.

आभाराचं पत्र आठ दिवसांत पाठवा, आणि ते मुलांनी लिहिलेलं असू द्या. वेळेअभावी राहिलेला एखादा प्रश्न त्यात घालायला हरकत नाही. फोटो पाठवायचे असतील तर मुलांचे चेहरे असलेले फोटो शाळेच्या परवानगीनेच बाहेर जाऊ द्या. आणि पत्राची एक प्रत, चाळलेल्या प्रश्नांच्या यादीसह, शाळेच्या फाइलमध्ये लावून ठेवा, पुढच्या वर्षीच्या सहावीसाठी.